व्यवहारातील पत : मुदत मागणारे पत्र

हुंडीचे प्रकरण या आठवड्यात पुरे करण्याचे मी कबूल केले होते. परंतु पेडण्याच्या एका वाचकांनी, ज्यांचे बांधकाम साहित्याचे दुकान आहे आणि ज्यांचे पैसे ठेकेदारांकडे अडकून पडले आहेत, असा प्रश्न लिहून पाठवला आहे की तो आधी घेतल्यावाचून राहवत नाही. “पुरवठादाराला खरी अडचण सांगितली तर तो माल बंद करणार नाही का?” हाच प्रश्न मी 2012 साली डिचोलीत ऐकला होता, म्हणून तिथूनच उत्तर देतो.

खाणीवरचे ट्रक पावसाळ्यात उभे राहत आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू होई. त्यामुळे टायर व सुटे भाग विकणारे दुकानदार श्रावण-भाद्रपदातच उधारीवर माल भरून ठेवीत. त्या वर्षी 10 सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, चतुर्थी तेव्हा नऊ दिवसांवर होती, आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही काम बंद ठेवण्याचा हुकूम दिला. ज्या दुकानाच्या वह्या मी पाहत असे, त्याच्या मालकांवर कोल्हापूरच्या व्यापाऱ्याची 4,80,000 रुपयांची बाकी होती. बिल 18 ऑगस्टचे, मुदत साठ दिवसांची. बँकेत 1,10,000 होते. ट्रकमालकांकडून येणे सात लाखांचे. पण ते ट्रकच आता जागचे हलत नव्हते.

मालकांचा पहिला विचार असा, की खाण सुरू होताच देतो म्हणून कळवावे. त्या वाक्याला मी कडकडून विरोध केला, कारण खाण केव्हा सुरू होईल हे त्यांच्या हाती नव्हते, आणि जी तारीख आपल्या हाती नाही तिच्यावर दिलेला वायदा मोडला की देणेकऱ्याच्या शब्दालाच किंमत उरत नाही. न्यायालयाचा निकाल 21 एप्रिल 2014 रोजी लागला. म्हणजे तो वायदा एकोणीस महिने तरी लोंबकळत राहिला असता.

म्हणून आम्ही आधी येणेबाकीची यादी घेऊन बसलो. ज्या गाडीमालकांना रेती, खडी किंवा बांधकामाची अन्य भाडी मिळत होती तेवढ्यांचीच नावे वेगळी काढली, आणि त्यांच्याकडून महिन्याला सुमारे पन्नास हजार येतील असा अंदाज बांधला. उरलेली नावे येणे म्हणून वहीत राहिली, पण वायद्यात धरली नाहीत. कोठारात न उघडलेला 1,60,000 रुपयांचा माल होता. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी दहा-बारा दिवस, पत्र गेले: बाकी 4,80,000 मान्य, न उघडलेला माल परत घेऊन तेवढी क्रेडिट नोट द्यावी, 80,000 आज पाठवले आहेत, राहिलेले 2,40,000 नोव्हेंबर ते एप्रिल, दरमहा चाळीस हजार, महिनाअखेरीस, तोवर नवा माल रोखीनेच नेऊ. पन्नासाची अपेक्षा असता चाळीसच का लिहिले, हे मालकांना समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली. पुढच्या तारखांचे धनादेश आम्ही मुद्दाम दिले नाहीत; खात्यात पैसे नसताना परत आलेला धनादेश फौजदारी खटल्यापर्यंत जाऊ शकतो.

व्यापाऱ्याने माल बंद केला नाही, उधारी मात्र बंद केली, आणि ते योग्यच होते. त्यालाही पत्राचा लाभ झाला: 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे मुदतीच्या आत सहीनिशी दिलेली ऋणाची लेखी कबुली दाव्याची तीन वर्षे नव्याने सुरू करते, म्हणून समजदार व्यापारी अशा पत्राकडे तगाद्यापेक्षा अधिक आदराने पाहतो. जानेवारीत एका गिऱ्हाईकाने पैसे अडवले. मालकांनी हप्त्याच्या पाच दिवस आधी फोन करून पंचवीसच हजार पाठवीत असल्याचे सांगितले, आणि उरलेले पंधरा फेब्रुवारीच्या हप्त्यात भरले. त्यावर कोल्हापुराहून एक प्रश्नही आला नाही.

पेडण्याच्या वाचकांसाठी आजच्या दोन मर्यादा सांगणे अवश्य आहे. आपला पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म वा लघु उत्पादक असेल, तर 2006 च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांहून लांबची मुदत त्याच्या संमतीनेही टिकत नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते, ते पत्रात स्वतःहून मान्य करावे. आणि बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे न दिल्यास त्यावर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह परत करावी लागते, ती पैसे दिल्यावरच पुन्हा मिळते. तेव्हा शेवटचा हप्ता त्या आत बसवावा.

ठेकेदारांची यादी करताना ज्यांच्या बिलावर कामाची मंजुरी पडली आहे त्यांचीच रक्कम धरावी, आणि पत्र बिलाची मुदत उलटण्यापूर्वी टपालात पडेल असे पाहावे. हुंडीचे प्रकरण पुढील आठवड्यात घेईन.