‘येत होतं मला, सिली मिस्टेक झाली!’

(नववीच्या वर्गात बीजगणिताच्या घटक चाचणीचे तपासलेले पेपर परत देण्याआधी)

गठ्ठा टेबलावर आहे आणि अजून दहा-पंधरा मिनिटं तो तिथेच राहणार आहे. पेपर हातात पडल्यावर काय होतं ते मला पाठ आहे. पहिलं पान, वरचा कोपरा, गोलातला आकडा. मग शेजारच्याचा आकडा. मग बेरीज बरोबर आहे का, कुठे अर्धा मार्क सुटलाय का. आणि मग ते वाक्य: “सर, येत होतं मला, सिली मिस्टेक झाली.” पालकसभेत तेच पुन्हा ऐकू येतं, “त्याला सगळं येतं हो सर, नुसता धांदरट आहे.”

या वाक्याचा मला वीट आलाय. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही, तुम्हाला मनापासून तसंच वाटतं. पण एकदा ‘सिली’ म्हटलं की पुढे बघायला काही उरत नाही. पुढच्या वेळी लक्ष देऊन सोडवायचं, एवढंच ठरतं आणि पुढच्या वेळी तेच गणित तिथेच चुकतं. म्हणून आज आधी फळ्याकडे बघा.

प्रश्न दुसरा, सोपे रूप द्या: 8 − 3(x − 2). बरोबर उत्तर 14 − 3x. गठ्ठ्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं चुकीचं उत्तर आहे 2 − 3x. म्हणजे कंस सोडवताना +6 च्या जागी −6 लिहिलंय. तुम्ही म्हणाल, चिन्ह चुकलं, संपलं. नाही संपलं. मी दोन पेपर शेजारी शेजारी ठेवतो. नावं सांगणार नाही, मागे वळून बघू नका.

दोन्ही पेपरांत या प्रश्नाचं उत्तर 2 − 3x. पायऱ्याही अक्षरशः सारख्या. आता त्याच्या खालचा उपप्रश्न बघा: 8 − 3(x + 2). पहिल्या पेपरात लिहिलंय 8 − 3x + 6, म्हणजे 14 − 3x. चूक. दुसऱ्या पेपरात लिहिलंय 8 − 3x − 6, म्हणजे 2 − 3x. बरोबर!

पहिल्या पेपरातल्या मुलाच्या हिशेबाने कंसाबाहेरचा वजा फक्त पहिल्या पदापर्यंत पोचतो. दुसरं पद कंसात ज्या चिन्हाने बसलंय त्याच चिन्हाने बाहेर येतं, आत वजा तर बाहेर वजा, आत अधिक तर बाहेर अधिक. म्हणून त्याची दोन्ही उत्तरं चुकली, आणि गंमत म्हणजे ती एकमेकांशी अदलाबदल होऊन आली. दुसऱ्या पेपराचा नियम वेगळा आहे. बाहेर वजा असेल तर आतलं सगळं वजाच. त्यामुळे अधिकाचं वजा होतं ते योग्यच, पण वजाचंही वजाच राहतं. म्हणून x − 2 असो की x + 2, उत्तर एकच. दोन वेगळ्या राशींचं सोपं रूप एकच कसं येईल, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही.

म्हणजे चुकलेलं उत्तर एक आणि कारणं दोन. आणि ती कारणं वेगळी कशावरून कळली? खालच्या उत्तरावरून, ज्यावर दुसऱ्या पेपरात मी बरोबरची खूण केली आहे. फुलीइतकीच ती खूणही वाचावी लागते.

आता खरी परीक्षा. हा अंदाज खरा असेल तर तिसरं गणित बघण्याआधी त्याचं उत्तर मला सांगता आलं पाहिजे. तिसरं गणित होतं (5x² + 4x − 7) − (2x² − 3x + 1). पहिल्या पेपराच्या नियमाने उत्तर यायला हवं 3x² + x − 6. दुसऱ्याच्या नियमाने 3x² + x − 8. मी हे कोऱ्या कागदावर लिहिलं आणि पान उलटलं. दोन्ही पेपरांत नेमकं तेच. बरोबर उत्तर, तुम्हीच सोडवून बघा, 3x² + 7x − 8 आहे. धांदरटपणा असा ठरल्या ठिकाणी येत नाही. तो कधी अधिकावर चुकेल, कधी वजावर, कधी बेरजेत, आणि त्याचं पुढचं उत्तर मला आधी लिहिता येणार नाही.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या हातच्याच्या वजाबाकीतल्या चुकांवर निबंध लिहिला. 52 − 27 चं उत्तर 35 लिहिणारं मूल गोंधळलेलं नसतं. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम ते इमानेइतबारे पाळत असतं. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले. नियम चुकीचा, पाळणं अचूक. याच कामात पुढे कर्ट व्हॅनलेन यांनी एक भर घातली, तीही ऐका: हे चुकीचे नियम नेहमी टिकून राहत नाहीत. आज एक, दोन दिवसांनी दुसराच, असंही होतं. म्हणून एका चुकलेल्या गणितावरून मी कुणाबद्दल काही ठरवत नाही. निदान तीन जुळणारी गणितं लागतात, आणि चाचणीत ती म्हणूनच घातली होती. उगाच लांबवलेला पेपर नव्हता तो.

दुसऱ्या प्रश्नाचं अजून एक उत्तर गठ्ठ्यात आहे: 5x − 10. इथे 8 मधून 3 आधी वजा केले, 5 आले आणि त्या 5 ने कंसाला गुणलं. चिन्हाची चूक कुठेही नाही. इथे गुणाकार वजाबाकीच्या आधी करायचा, हेच निसटलंय. या मुलाला चिन्हांची पन्नास गणितं दिली तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता, +6 का, ते पुन्हा एकदा. x च्या जागी 10 घ्या. कंसात 8 आले, त्याची तिप्पट 24. म्हणजे 8 मधून 24 वजा करायचे आहेत. तुम्ही 8 − 3x लिहिलंत तेव्हा 30 वजा केलेत. सहा जास्त गेले, ते परत द्यायला नकोत? म्हणून +6. उत्तर −16 येतं, आणि 14 − 3x मध्येही 10 घातले की −16 च येतं. 2 − 3x मध्ये −28 येतं. हा ताळा करायला अर्धं मिनिट लागतं आणि चिन्ह चुकलंय का ते लगेच कळतं. पहिल्या पेपराला यातला ‘प्रत्येक पदाला गुणा’ हा भाग हवाय, बाहेरचं −3 दोन्ही पदांकडे जातं ते दाखवणारे दोन बाण काढून. दुसऱ्याला बाण नकोत, त्याचा वजा पोचतोच सगळीकडे. त्याला हवेत ते परत दिलेले सहा.

मग खरी सिली मिस्टेक नसतेच का? असते. एका पेपरात 8 − 3x + 6 अगदी बरोबर लिहिलंय आणि खाली 12 − 3x. आठ आणि सहा बारा. बाकी सगळ्या पेपरात बेरीज कुठेही चुकलेली नाही. दुसऱ्या एकाने प्रश्नच (x − 3) असा उतरवलाय. या घसरणी आहेत. पण लाल गोल बघून “अरे हो!” म्हणालात म्हणजे ती घसरण होती, असं समजू नका. गोल केला की कुठे बघायचं ते मीच सांगितलेलं असतं. कसोटी अशी: खूण नसलेलं त्याच जातीचं नवं गणित, दोन दिवसांनी, वही न उघडता. ते सुटलं तर घसरण. पुन्हा तिथेच अडलं तर ‘येत होतं’ हे खरं नव्हतं.

दुसरा गैरसमज मार्कांचा. “मार्क आणि शेरा दोन्ही द्या सर, म्हणजे जास्त कळतं.” ऐकायला बरोबर वाटतं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही. पुढच्या कामातली कामगिरी आणि गोडी एकंदरीत सगळ्यात जास्त दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. ती मुलं तुमच्याहून लहान होती आणि त्यांना दिलेली कामं बीजगणिताची नव्हती, त्यामुळे हा प्रयोग म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. पण तुमचे डोळे पानाच्या कोणत्या कोपऱ्यात जातात ते मी बरीच वर्षं बघतोय. म्हणून आज कोपरा रिकामा आहे. मार्क माझ्या रजिस्टरमध्ये आहेत, परवा सांगेन. ओरडू नका, बोर्डाची परीक्षा नाहीये ही.

बाकीचे गैरसमज भराभर.

‘बरोबर उत्तर म्हणजे ते आलं’: दुसऱ्या पेपराला 8 − 3(x + 2) चे पूर्ण मार्क मिळालेत, चुकीच्या नियमाने.

‘दुरुस्ती म्हणजे बरोबर उत्तर तीनदा लिहिणे’: त्याने अक्षर सुधारेल.

‘चूक केली की मेंदू वाढतो’: हे भिंतीवर लावायच्या तक्त्यांवर असतं. त्यासाठी २०११ च्या ज्या अभ्यासाचा दाखला देतात, त्यात मोझर आणि सहकाऱ्यांनी चुकीनंतरचे मेंदूतले विद्युत संकेत मोजले होते, मेंदूची वाढ नाही.

‘खात्रीने लिहिलं आणि चुकलं, म्हणजे आता काही खरं नाही’: उलट. बटरफील्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ च्या प्रयोगात खात्रीने दिलेली चुकीची उत्तरं, बरोबर उत्तर कळल्यावर, चाचपडत दिलेल्या चुकीच्या उत्तरांपेक्षा जास्त वेळा सुधारली. ते सामान्यज्ञानाचे प्रश्न होते, पण लक्षात ठेवा.

‘सरांनी मार्क कापले’: यावर मी बोलत नाही.

आता पेपर घ्या. मी फक्त गोल केलेत, बरोबर उत्तर कुठेही लिहिलेलं नाही. प्रत्येक गोलाशेजारी पेन्सिलीने एवढंच लिहा, की कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होतं. मग पेपर उपडा ठेवा आणि वहीच्या मागच्या पानावर ही तीन सोडवा: 6 − 2(x − 4), 6 − 2(x + 4), 6 + 2(x − 4). शेजारच्याशी जुळवायचं नाही, जुळवलंत तर मला काही कळणार नाही. पहिल्या दोन्हींचं उत्तर सारखंच आलं असेल त्यांनी हात वर करा, मी आधी त्यांच्या बाकाशी येतो. तिसरंही अडलं तर तसं सांगा, कारण मग प्रश्न बाहेरच्या वजाचा नाही आणि आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल.