घडीत लपलेल्या बुट्टीचा हिशेब

साखरपुड्याच्या फोटोत सगळे काही जमून येते. चेहरा प्रसन्न असतो, उजेड चांगला पडलेला असतो, नथ नीट बसलेली असते. मात्र पदराची पिन थोडी सैल झालेली असते, एक प्लेट उलगडून दुसरीवर पसरलेली असते आणि खाली निऱ्यांचा काठ एका जागी पायरीसारखा वर चढलेला असतो. अशा वेळी फोटो संपादनाच्या टेबलावर येतो आणि एकच मागणी होते, "जरा पदर नीट करून द्या ना."

साधी साडी असेल तर हे काम अवघड नाही. एकरंगी शिफॉनवर घडी कुठेही हलवली तरी चालते, फक्त सावली बरोबर पडावी लागते. अडचण येते ती बुट्टीच्या साडीला. पैठणीवर ठरावीक अंतराने बुट्ट्या असतात आणि कडेने जरीचा काठ धावतो. घडी हलवली की ही नक्षीही हलायला हवी, आणि तीही खऱ्या कापडाच्या नियमाने. तो नियम ठाऊक नसला की घड्या सरळ दिसतात, पण साडी कागदावर छापल्यासारखी वाटते.

कापड आकसत नाही, लपते

नियमाचे मूळ सोपे आहे. चुण्या पडल्या म्हणून रेशीम आकसत नाही, त्याचा काही भाग घडीच्या आत जातो इतकेच. म्हणजे पसरलेली प्लेट अरुंद करायची असेल तर तिच्यावरची बुट्टी दाबून बारीक करायची नसते. बुट्टीचा आकार तोच ठेवायचा आणि तिचा जादा भाग पुढच्या घडीखाली झाकायचा. नवशिक्या संपादकाची पहिली चूक इथेच होते. Liquify हे कापड ढकलणारे साधन घेऊन तो प्लेटची कड आत सरकवतो. कड सरकते, पण तिच्यासोबत गोल बुट्टी लांबट होते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी कापड रबरासारखे ताणले आहे हे त्याला जाणवते.

आता लपलेल्या कापडाचे मोजमाप करू. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. पदराच्या प्लेट्स 4 इंच रुंदीच्या घातल्या आणि छातीवर वरची प्लेट पूर्ण दिसून तिच्याखालच्या प्रत्येकीची 1 इंच पट्टी दिसते असे धरले, तर एका प्लेटचा हिशेब असा होतो: कापड 4 इंच पुढे जाते, मग दुमडून 3 इंच मागे येते. एकूण 7 इंच कापड खर्च झाले आणि दिसले फक्त 1 इंच. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये 6 इंच कापड दडलेले आहे. 45 इंचांच्या पन्ह्यात अशा सहा प्लेट्स बसतात, आणि घरोघरी साधारण तेवढ्याच घातल्या जातात.

बुट्ट्या दोन-दोन इंचांवर असतील तर दडलेल्या 6 इंचांत त्यांचे तीन घर जातात, आणि पुढच्या पट्टीवर नक्षी जिथे थांबली तिथूनच सुरू झाल्यासारखी दिसते. पण प्लेट साडेचार इंचांची पडली तर दडलेले कापड 7 इंच होते आणि नक्षी अर्ध्या घराने सरकते. हाताने घातलेल्या प्लेट्समध्ये अर्ध्या इंचाचा फरक नेहमीच पडतो. त्यामुळे घडीच्या आडव्या दिशेने, म्हणजे एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना, बुट्टी कुठेही तुटली तरी ते खोटे नसते.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. घडीच्या कडेला अर्धी तुटलेली बुट्टी दिसली की संपादकाचा हात तिचा उरलेला अर्धा भाग शेजारच्या पट्टीवर जोडायला जातो. त्याला वाटते, नक्षी अखंड झाली. प्रत्यक्षात या दोन पट्ट्यांमध्ये सहा-सात इंच कापड आहे. तिथे नेमकी तीच बुट्टी पूर्ण होणे शक्यच नाही. अशी जुळवलेली बुट्टी घडीला सपाट करून टाकते. तुटलेली बुट्टी तुटलेलीच राहू द्यावी, फक्त ती घडीच्या कडेवर स्वच्छ कापलेली दिसावी.

सूट एकाच दिशेला

मग नक्षी अखंड ठेवायची कुठे? घडीच्या लांबीच्या दिशेने. पदराच्या प्लेट्स साडीच्या लांबीला समांतर पडतात. पन्हा दुमडला तरी लांबीत काही लपत नाही. त्यामुळे एकाच पट्टीवरून वर-खाली जाताना बुट्ट्यांचे अंतर सलग राहिले पाहिजे, आणि शेजारच्या पट्ट्यांवरच्या बुट्ट्यांच्या ओळी एकमेकींना जुळल्या पाहिजेत. पदर छातीवरून तिरका जातो, म्हणून ही ओळ किंचित कमानदार होते, पण मध्येच तिला पायरी पडत नाही. पायरी पडली तर एक प्लेट दुसरीवरून घसरली असा अर्थ होतो.

काठाचाही हिशेब यातच आला. साडीला काठ दोन. पदराच्या प्लेट्समध्ये काठ फक्त पन्ह्याच्या दोन टोकांना असतो, म्हणून तो बाहेरच्या प्लेटवरच दिसतो. मधल्या प्लेटवर सोनेरी काठ उगवला असेल तर ती साडी तीन काठांची झाली.

निऱ्यांमध्ये दिशा बदलते. साडी कमरेभोवती आडवी फिरते, त्यामुळे निऱ्यांच्या घड्या पन्ह्याच्या दिशेने उभ्या पडतात. इथे प्रत्येक निरीच्या तळाशी काठ दिसलाच पाहिजे आणि काठापासून बुट्ट्यांच्या ओळीचे अंतर सगळ्या निऱ्यांवर सारखे पाहिजे. एक निरी पाऊण इंच वर चढलेली असेल तर तिच्यावरचा काठ आणि बुट्ट्या मिळून पाऊण इंच वर चढलेल्या असतात. म्हणून नुसता काठ वाकवून खाली आणणे चुकीचे. त्या निरीची पूर्ण पट्टी निवडून ती सगळीच खाली घ्यायची. वर कमरेपाशी जी फट पडते ती बहुतेक वेळा पदराखाली झाकली जाते, नाहीतर त्याच निरीचे कापड घेऊन भरावी लागते.

एका प्लेटची दुरुस्ती

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जांभळी सहावारी पैठणी, दोन इंचांवर सोनेरी बुट्टी. फोटोत छातीपाशी दोन बुट्ट्यांमध्ये 90 पिक्सेल अंतर आहे, खांद्यापाशी 76, कारण खांदा कॅमेऱ्यापासून मागे वळतो. तिसरी प्लेट उलगडून अडीच इंच दिसते आहे आणि चौथी तिच्याखाली गडप झाली आहे. कमरेजवळ मात्र चौथीची पट्टी शाबूत आहे.

पहिले काम हलवायचे नसलेले सगळे वेगळे काढण्याचे. गळा, मंगळसूत्र, हात, बांगड्या यांवर मास्क घालायचा, नाहीतर कापडासोबत दागिनेही वाकतात. त्याच दिवशीचे आणखी फोटो असतील तर तेही आधी मागून घ्यावेत. दोन मिनिटांपूर्वीच्या फोटोत तीच प्लेट नीट असेल आणि उजेड तोच असेल, तर ते खरे कापड कुठल्याही कलाकुसरीपेक्षा चांगले.

तसा फोटो नाही असे धरू. मग चौथ्या प्लेटची नवी कड पेन टूलने आखायची, कमरेपासून खांद्याच्या पिनपर्यंत एका सलग रेषेत. तिसऱ्या प्लेटचा त्या रेषेपलीकडचा दीड इंच भाग मास्कखाली जातो. बुट्ट्या जिथे कापल्या जातील तिथे कापू द्यायच्या. मोकळ्या झालेल्या जागेत चौथीचे कापड वर चढवायचे, आणि ते तिच्याच खालच्या शाबूत भागातून घ्यायचे. त्यासाठी Clone Stamp वापरतात, पण आधी Clone Source या पॅनेलमध्ये आकार आणि कोन बदलून घ्यावा लागतो. खांद्याजवळ 90 चे 76 व्हायचे, म्हणजे आकार सुमारे 84 टक्के. मधल्या भागात तो 92 च्या आसपास. पदराचा कल तिथे जितके अंश बदलतो तितकेच बुट्टीलाही फिरवायचे. दर बुट्टी बसवताना तिसरीवरच्या ओळीकडे पाहायचे. ओळ जुळली की जागा बरोबर.

थोडी वळणे उरली तर Puppet Warp मध्ये काठावर आणि पिनपाशी टाचण्या रोवून मधला भाग हलकेच फिरवता येतो. हे वळवण्याचे साधन आहे, रुंदी कमी करण्याचे नाही.

रेशमाचा रंग

इथवर नक्षी जुळली तरी तुकडा वेगळा दिसू शकतो. पैठणीत ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असले की धूपछाँव पडते. जांभळे कापड एका कोनातून निळसर, दुसऱ्यातून लालसर दिसते. जर तर उजेडाकडे पांढरी आणि सावलीत जवळजवळ तपकिरी होते. कमरेचे कापड खांद्यावर नेले की कमरेचा उजेडही सोबत जातो.

यावर बरेच संपादक फोटोचे दोन थर करतात: एका थरात रंग आणि उजेड, दुसऱ्यात बारीक पोत. त्वचेवर ही पद्धत चालते, बुट्टीवर फसते. पैठणीची बुट्टी बारीक पोतापेक्षा मोठी असते, त्यामुळे ती दोन्ही थरांत वाटली जाते. पोताचा थर हलवला की जुन्या जागी सोनेरी डाग उरतो. त्यापेक्षा आणलेल्या तुकड्याचाच रंग शेजारच्या पट्टीशी मिळवावा आणि जरीची चमक निराळी हाताळावी.

शेवटी सावली. नव्या घडीच्या कडेवर उजेडाच्या बाजूने बारीक उजळ रेषा हवी आणि तिच्या खालच्या पट्टीवर Multiply थरात सावली हवी. ती सावली कडेपाशी गडद आणि पुढे विरत जाणारी असावी. जाड पैठणीची घडी उंच उठते, म्हणून सावली रुंद पडते. पातळ शिफॉनला तीच सावली दिली तर ती पुठ्ठ्यासारखी दिसते.

काम झाल्यावर फोटो आडवा उलटवून पाहावा. सवयीच्या डोळ्याला न दिसलेली पायरी लगेच उठून दिसते. मग काठ दोनच आहेत ना, आणि एखाद्या बुट्टीचा तोच ओरखडा किंवा तुटका धागा दोन ठिकाणी उमटला आहे का, हे तपासावे. हातमागावरच्या दोन बुट्ट्या तंतोतंत सारख्या कधीच नसतात, म्हणून एकाच बुट्टीची नक्कल चार वेळा बसवली तर ती ओळखू येते.

सगळेच दुरुस्त करता येत नाही. पदराच्या टोकावरचा मोर किंवा बांगडी मोर घडीत गेला असेल आणि दुसऱ्या कुठल्याच फोटोत नसेल, तर तो बनवू नये. बुट्टी पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिचा अंदाज बांधता येतो. पदराची मोठी नक्षी तशी येत नाही. घरच्या फोटोत तो मोर झाकलेला राहिला तर कोणाचे बिघडत नाही. विक्रीसाठी छापायच्या फोटोत मात्र रचलेला मोर म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवलेली एक आणि हाती दिलेली दुसरी साडी. तिथे पिन पुन्हा लावून नवा फोटो काढणे हाच उपाय, आणि बहुतेक वेळा तो संपादनापेक्षा लवकर होतो.