ताडपत्री आढ्यावरून घ्या

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-दापोलीकडच्या कितीतरी घरांची कौलं उडाली. अशा वेळी सुतार येईपर्यंत ताडपत्रीच आधार. पण ती नुसत्या भोकावर टाकली की वरच्या कडेखालून पाणी शिरतंच. वारा पडल्यावर ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर तीन-चार फूट घ्यावी. दोन्ही कडा लाकडी रिपांना दोन वेढे गुंडाळून खिळाव्यात, कारण उघड्या खिळ्याभोवती ताडपत्री फाटते. कौलांना भोकं न पाडता रिपा वळचणीखालच्या वाशांना दोरीने आवळून बांधाव्यात. वर दगड ठेवू नयेत, ते घरंगळून माणसावर येतात. पत्र्याच्या बारीक चिरेला ब्युटाइल टेप पुरते, पण पत्रा पुसून कोरडा केला तरच. ओल्यावर ती धरत नाही.