दीडशे ओळींचा चॅट, सात ओळींची नोंद

रात्री 8 वाजून 31 मिनिटांनी ग्राहक लिहितो, ‘ऑर्डर रद्द करा, मला काहीच नको.’ 8 वाजून 47 मिनिटांनी तोच लिहितो, ‘मशीन शनिवारी येऊ दे, फक्त जास्तीचे पैसे परत हवेत.’ दोन्ही वाक्यं इंग्रजीत आहेत आणि दोन्हींच्या मधे चाळीसेक ओळींची रागाची, माफीची आणि ‘कृपया दोन मिनिटं थांबा’ची भर आहे. रात्रीची शिफ्ट संपताना हा चॅट सकाळच्या सहकाऱ्याकडे सोपवायचा आहे. मराठीत, आणि दोन मिनिटांत वाचून होईल एवढाच. घाईत असलेल्याची नजर ‘रद्द करा’वर थांबली आणि तेवढंच नोंदीत उतरलं, तर सकाळी मशीनची ऑर्डर खरोखर रद्द होते.

हे उदाहरण नमुन्यासाठी रचलेलं आहे, पण असे चॅट ऑनलाइन दुकानांच्या सपोर्ट सेंटरांत रोजच चालतात. बंगळुरूचा ग्राहक आणि पुण्यात बसलेला एजंट एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. पुढचं काम ज्याच्याकडे जातं तो मात्र एजंटच्या शेजारच्या खुर्चीतला किंवा भिवंडीच्या गोदामातला माणूस असतो, आणि त्यांचं आपसातलं बोलणं मराठीतच चालतं.

प्रकरण साधं दिसतं. वॉशिंग मशीनचे 18,490 रुपये यूपीआयने भरताना पडदा अडकला. ग्राहकाने पुन्हा पैसे भरले आणि ऑर्डर झाली. खात्यातून मात्र दोनदा रक्कम गेली. तो म्हणतो, एक रक्कम परत करा. आता खरा प्रश्न असा, की पहिली रक्कम दुकानापर्यंत पोचली का? पोचली असेल तर दुकानाने परत करायची. पोचलीच नसेल तर दुकानाकडे परत करण्यासारखं काही नाही, ती बँकेच्या वाटेनेच उलटी फिरते. हा फरक नोंदीत आला नाही आणि सकाळच्या माणसाने भाबडेपणाने रिफंड टाकला, तर ग्राहकाला पैसे दोनदा मिळतात आणि दुकान एका मशीनच्या किमतीला मुकतं.

रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकात याची मुदत ठरलेली आहे. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून कापले गेले, पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे नाहीत. आपल्या चॅटमधल्या एजंटने आधी ‘24 तास’ म्हटलं, मग चूक लक्षात आल्यावर ‘पाच कामाचे दिवस’ म्हटलं. व्यवहार गुरुवार, 12 जूनचा. नियमाने मुदत मंगळवार, 17 जूनला संपते. एजंटच्या हिशेबाने गुरुवार, 19 जूनला. नोंद लिहिणाऱ्याने इथे स्वतःच्या मनाने दुरुस्ती करून मोकळं व्हायचं नसतं. ग्राहकाला काय सांगितलं गेलं ते जसंच्या तसं लिहायचं आणि नियम काय म्हणतो ते शेजारी द्यायचं. बुधवारी ग्राहक चिडून परत आला तर सहकाऱ्याला दोन्ही माहीत असायला हवं.

अनुभवी लोक चॅट शेवटाकडून वाचतात. शेवटच्या वीसेक ओळींत ग्राहकाची आताची मागणी आणि एजंटचं शेवटचं आश्वासन सापडतं. मग वर जाऊन नंबर, तारखा आणि ‘करतो’, ‘कळवतो’ अशी वाक्यं तेवढी टिपायची. माफीनामे आणि नमस्कार-चमत्कार गाळायचे. राग गाळायचा नाही, पण तो दोन शब्दांत बसतो.

इंग्रजी चॅटमध्ये एक खास खाच आहे. एजंट लिहितो, रक्कम ‘शुड बी क्रेडिटेड’. घाईत त्याचं ‘रक्कम जमा होईल’ झालं, की अपेक्षेचं वचन बनतं. तसंच ‘रिफंडची प्रक्रिया बघतो’चं ‘रिफंड केला’ होतं. झालेलं, होऊ घातलेलं आणि व्हायला हवं असलेलं, हे तीन कप्पे वेगळे राहिले तर नोंद निम्मी जमली. उरलेली निम्मी कोण म्हणतो यावर आहे. दोनदा पैसे गेले हे ग्राहकाचं म्हणणं. एकच पेमेंट जमा आहे हे दुकानाच्या सिस्टिममध्ये दिसतं. मराठीत ‘म्हणण्यानुसार’ आणि ‘दिसतं’ एवढ्यावर हे काम भागतं.

अखेर नोंद अशी उतरते:

ऑर्डर WM-20417, वॉशिंग मशीन, 18,490 रुपये. ऑर्डर चालू, रद्द करू नये. 8.31 ला रद्द करा म्हणाला, 8.47 ला मागे घेतलं. डिलिव्हरी शनिवार, 14 जून.

ग्राहकाच्या म्हणण्यानुसार 12 जूनला यूपीआयने दोनदा पैसे गेले. आपल्याकडे दुसरंच पेमेंट दिसतं, पहिलं नाही.

पहिल्या पेमेंटचा UTR 516300284471. 8.39 ला दिलेला नंबर अकरा अंकी होता, तो धरू नये.

आपण रिफंड टाकलेला नाही.

ग्राहकाला सांगितलं: पाच कामाच्या दिवसांत पैसे यायला हवेत. आधी 24 तास सांगितलं होतं, त्यामुळे नाराज. नियमाने मुदत 17 जून.

सकाळच्या शिफ्टने 13 तारखेच्या सेटलमेंट यादीत हा UTR शोधावा. असेल तर रिफंड टाकावा. नसेल तर रक्कम बँकेकडून परत येईल असं ग्राहकाला लिहावं.

दुपारी 4 पर्यंत मीटिंगमध्ये, फोन नको, मेसेज करावा.

शेवटून दुसऱ्या ओळीत ‘सकाळच्या शिफ्टने’ आहे हे बघण्यासारखं आहे. नुसतं ‘यादी तपासायची आहे’ लिहिलं की मराठीत कर्ता गुल होतो आणि यादी कोणीच तपासत नाही. सेटलमेंट यादी म्हणजे दुकानाच्या खात्यात खरोखर आलेल्या पैशांचा पेमेंट गेटवेकडून येणारा तपशील. पहिल्या रकमेचा निकाल तिथेच लागतो.

नंबर कधीही हाताने टाइप करायचे नाहीत, कॉपी-पेस्ट करायचे. यूपीआयचा UTR बारा अंकी असतो. अकरा भरले तर काहीतरी निसटलं आहे हे मोजूनच कळतं. पडद्यावर PAYMENT_PENDING दिसलं असेल तर नोंदीतही तेच जावं, कारण ‘पेमेंट अडकलं’ टाकून शोधलं तर सिस्टिममध्ये काहीच मिळत नाही. याउलट काही गोष्टी नोंदीत येताच कामा नयेत. या चॅटमध्ये ग्राहकाने वैतागून डेबिट कार्डाचा सगळा नंबर टाइप केला होता आणि त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये खात्यातली शिल्लक दिसत होती. या कामाला दोन्हींची गरज नाही.

पाठवण्याआधी एक तपासणी उरते. मूळ चॅट झाकून नोंद वाचायची आणि स्वतःला विचारायचं, सकाळी आल्या आल्या आपण काय उघडू? इथे उत्तर स्पष्ट आहे, सेटलमेंट यादी. ते सापडत नसेल तर चॅटमधली घडामोड तेवढी उतरली, काम उतरलेलं नाही. मग प्रत्येक ओळ चॅटमध्ये कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं का बघायचं. नियमाची मुदत आणि सकाळचं काम या दोन गोष्टी चॅटमध्ये नाहीत, त्या लिहिणाऱ्याच्या आहेत. एरवी ज्या ओळीला जागा सापडत नाही ती अंदाजाने आलेली असते आणि ती काढून टाकावी लागते.

नोंद मूळ चॅटची जागा घेत नाही, चॅटची लिंक खाली राहतेच. तक्रार वर गेली तर इंग्रजी शब्दच बघितले जातात. आणि सकाळी काही वेगळं निघालं तर जुनी ओळ खोडत नाहीत, खाली वेळ टाकून नवी जोडतात: ‘13 जून, 9.20. यादीत UTR नाही. ग्राहकाला मेसेज केला, 17 ला पुन्हा बघणार.’