चौकोनी आसातून बांगडा सुटतो, पापलेट अडकतं

ट्रॉलरचं जाळं पुढं रुंद आणि मागं निमुळतं असतं. शेवटी असते ती खोळ. मासा निवडण्याचं काम खऱ्या अर्थानं तिथंच होतं, कारण पुढच्या भागातून रेटत आलेली सगळी मासळी शेवटी खोळीतच साठते. म्हणून महाराष्ट्राचा नियमही खोळीवरच बोट ठेवतो: आस ४० मिलिमीटर आणि तोही चौकोनी.

चौकोनीच का, हे कळायला कांद्याची जाळीदार गोणी हातात घ्या. दोन टोकं धरून ताणली की तिचे डोळे मिटतात. ट्रॉलच्या नेहमीच्या, शंकरपाळी आकाराच्या आसाचं असंच होतं. बोट तासन् तास जाळं ओढत असते, खोळीत वजन वाढत जातं आणि आस लांबट होऊन जवळजवळ बंद होतात. कागदावर ४० मिलिमीटर असलेल्या जाळ्यातून मग करंगळीएवढी पिल्लंही सुटत नाहीत. तेच जाळं तिरकं फिरवून लावलं, की ओढ दोऱ्यांच्या दिशेनं बसते आणि आस उघडे राहतात. नवा दोरा नको, नवं यंत्र नको; फक्त कापायची आणि शिवायची पद्धत बदलते.

आता थोडा हिशेब. आस मोजताना तो ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर घेतात. त्यामुळे ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची एक बाजू २० मिलिमीटर भरते आणि कर्ण साधारण २८. बांगड्याच्या अंगाची उंची त्याच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी असते. १० सेंटिमीटरचा बांगडा म्हणजे २५ मिलिमीटर उंच. अंग तिरकं केलं की तो निसटू शकतो. तेही पाण्यातच, डेकवर येऊन गुदमरण्याआधी.

पापलेटचं मात्र जमत नाही. हा मासा चपटा आणि उंच. उंची लांबीच्या निम्म्याहून जास्त. अवघं ८ सेंटिमीटरचं पिल्लू घेतलं तरी ते ४० मिलिमीटरपेक्षा उंच निघतं. २८ च्या कर्णातून ते कसं जाणार? म्हणजे २०२३ मध्ये ज्याला राज्यमाशाचा मान दिला, त्याच माशाच्या पिल्लांना हा नियम वाचवत नाही. आस वाढवत नेला तर पापलेट सुटेल, पण कोळंबी आणि इतर कितीतरी मासळीही सुटेल आणि डिझेलचा खर्च निघणार नाही. एकाच ओढीत डझनावारी जाती येणाऱ्या आपल्या समुद्रात सगळ्यांना लागू पडेल असा आस नाहीच.

कोट्याचंही तसंच. अमुक जातीचे इतकेच टन, हे नॉर्वे-आइसलँडच्या कॉड मासेमारीत चालतं. तिथं जाती मोजक्या आणि नोंदी चोख. आपल्याकडे दर बंदरावर, दर बोटीची, दर जातीची मोजणी झाल्याशिवाय कोटा कागदावरच राहील.

कासवांचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे, कारण कासव आणि कोळंबी यांच्या आकारात गोंधळ होत नाही. खोळीच्या आधी गजांची लंबगोल चौकट तिरकी बसवतात. कोळंबी गजांमधून मागं जाते, कासव गजांवर घसरत जाळ्यातल्या भोकाशी पोचतं आणि वरची झडप ढकलून बाहेर पडतं. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात अडकून राहिलं तर ते बुडून मरतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या बोटींसाठी अशी चौकट तयार केली. तिचा वापर होत नाही म्हणून अमेरिकेनं २०१९ मध्ये भारताची समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. तांडेलांची तक्रार अशी, की झडपेतून चांगली मासळीही जाते. ती खोटी नाही, थोडी जातेच. म्हणून काही जण झडप दोरीनं बांधून टाकतात.

खोळीतही अशी पळवाट आहे: बाहेर चौकोनी आस, आत बारीक आसाचं दुसरं जाळं. धक्क्यावर खोळ उलटी करून पाहिली की लबाडी लगेच कळते. पण पाहणारा हवा.

म्हणूनच पापलेटसाठी खरा अटकाव किनाऱ्यावर करावा लागतो. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३.५ सेंटिमीटर आहे. आलेलं पिल्लू परत फेकून जगत नाही हे खरं, पण लिलावात भावच मिळाला नाही तर पिल्लांचे थवे असलेल्या जागी जाळं टाकण्यात तांडेलाला फायदा उरत नाही. भाव देणारं शेवटचं गिऱ्हाईक आपण आहोत. साध्या बॉलपेनापेक्षा आखूड पापलेट, कितीही स्वस्त लावलं तरी, घेऊ नका.