वीस नगांत तीन खराब

भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत आलेला माल थेट लाइनवर जात नाही. आधी इनवर्ड इन्स्पेक्शन होते. समजा, पुरवठादाराकडून २००० बुशांचा लॉट आला आहे. इन्स्पेक्टर त्यातून २० नग काढतो आणि प्रत्येकाच्या भोकात प्लग गेज घालून पाहतो. गेजचे ‘गो’ टोक आत गेलेच पाहिजे आणि ‘नो गो’ टोक जाता कामा नये. पुरवठादाराने शेकडा पाचपर्यंत रिजेक्शन निघेल असे आधीच सांगून ठेवले आहे. (आजच्या वाहन उद्योगाच्या मानाने हे फारच सैल माप झाले. आकडेमोड सोपी जावी म्हणून ते घेऊ.) तपासणीत तीन नग खराब निघतात. वीसमध्ये तीन म्हणजे शेकडा पंधरा, तेव्हा लॉट परत पाठवावा, असे कुणालाही वाटेल.

पण तो निर्णय घेण्याआधी विचारायला हवे की पुरवठादार खरे बोलत असेल, तर निव्वळ योगायोगाने तीन किंवा त्याहून जास्त खराब नग हाती लागण्याची शक्यता किती? इथे ‘नेमके तीन’ची शक्यता काढून भागत नाही. तीन निघाल्यावर ज्याला शंका येते, त्याला चार किंवा पाच निघाल्यावर ती येणारच. म्हणून तीनपासून वीसपर्यंतच्या सगळ्या शक्यता एकत्र धरायच्या.

त्या अठरा शक्यता एकेक करून मोजण्यापेक्षा उरलेल्या तीनच मोजाव्यात आणि एकातून वजा कराव्यात. एकही नग खराब नसण्यासाठी वीसही चांगले निघायला हवेत. म्हणून ०.९५ ला स्वतःशीच गुणत वीस वेळा घ्यायचे, उत्तर ०.३५८ येते. एकच खराब असेल, तर तो वीसपैकी कुठलाही असू शकतो. २० × ०.०५ × एकोणीस वेळा ०.९५ म्हणजे ०.३७७. दोन खराब नगांच्या १९० वेगवेगळ्या जोड्या पडतात, त्यांचे उत्तर ०.१८९. तिन्हींची बेरीज ०.९२४५ होते आणि उरतात ०.०७५५. यालाच द्विपद वितरण म्हणतात.

म्हणजे पुरवठादार अगदी प्रामाणिक असला, तरी साधारण दर तेरा लॉटमागे एकात तीन किंवा जास्त खराब नग निघणारच. शंकेला जागा आहे, पण भांडायला जाण्याइतका पुरावा नाही.

आता हे गणित कुणी हाताने करत नाही, एक्सेल करते. तिथेच गफलत होते.

```
=1-BINOM.DIST(2,20,0.05,TRUE)
```

शेवटच्या TRUE मुळे हे फंक्शन ‘दोन किंवा कमी’ची बेरीज देते. प्रश्न ‘किमान तीन’चा असल्यामुळे अनेकजण सवयीने २ च्या जागी ३ टाकतात. मग नेमके तीनची शक्यताही वजा होते आणि उरते ती किमान चारची, ०.०१५९. तेरात एकचे त्रेसष्टात एक झाले, की पुरवठादार उगाच खोटारडा ठरतो. चूक पकडायची युक्ती सोपी आहे. याच पद्धतीने ‘किमान एक’ काढून पाहा. उत्तर १ वजा ०.३५८, म्हणजे ०.६४२ च्या आसपास यायला हवे. ०.२६४ आले, तर तुम्ही एक घर पुढे सरकला आहात.

तीन निघाले की लॉट परत, असा नियम केला तर? त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. लॉटमध्ये खरोखर शेकडा दहा माल खराब असेल, तर किमान तीन निघण्याची शक्यता ०.३२३ आहे. म्हणजे दुप्पट खराब असलेले तीनपैकी दोन लॉट बिनबोभाट आत येतील. वीस नगांच्या तपासणीकडून यापेक्षा फारशी अपेक्षा ठेवू नये.

शिवाय हे सूत्र काही गोष्टी गृहीत धरते. नग कुठूनही, कसेही उचललेले हवेत. बोरिंग टूल झिजले की त्यानंतरचे सगळे नग एकामागोमाग बिघडतात आणि बहुधा एकाच क्रेटमध्ये भरले जातात. वरच्या क्रेटमधून वीस उचलले, तर सूत्राला अर्थ उरत नाही. लॉटही नमुन्याच्या मानाने मोठा हवा. २००० मधून २० काढल्याने उरलेल्या मालातले प्रमाण फारसे हलत नाही. पण लॉट ६० नगांचाच असेल आणि त्यात शेकडा पाचच्या हिशोबाने तीन खराब असतील, तर चौथा निघणार कुठून? द्विपद वितरण मात्र ‘किमान चार’ला ०.०१५९ देतच राहते. ‘किमान तीन’ची खरी शक्यताही ०.०७५५ नव्हे, ०.०३३ असते. अशा छोट्या लॉटला दुसरे फंक्शन लागते:

```
=1-HYPGEOM.DIST(2,20,3,60,TRUE)
```

यात लॉटचा आकार आणि त्यातले खराब नग, दोन्ही सांगावे लागतात. रोजच्या तपासणीत नमुना लॉटच्या एक-दशांशाहून मोठा व्हायला लागला, की हेच वापरावे.