पोटॅशियम ७.०, आणि आजी चहा पीत बसलेल्या

पोटॅशियम ७.० आलं की लॅबमधून लगेच फोन जातो. या पातळीला हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे रिपोर्ट छापून होईपर्यंत थांबायचं नसतं. मीही फोन केला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आजी माझ्यासमोर बसून चहा पिताहेत. ईसीजी काढला, नॉर्मल आहे. बीपीची गोळी बदलायची म्हणून तपासण्या सांगितल्या होत्या, एवढंच."

ईसीजी नॉर्मल आहे म्हणून पोटॅशियम नॉर्मल असेल, असं धरून चालत नाही. पण त्याच नमुन्याचे बाकीचे आकडे पाहिले आणि माझा सूर बदलला. क्रिॲटिनिन ०.८, म्हणजे किडनीची तक्रार नाही. कॅल्शियम मात्र ४.६. ते साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असतं. खरोखरच ४.६ असतं, तर आजींच्या हाताला पेटके आले असते, कप धरवला नसता. अल्कलाइन फॉस्फेटेज १४, जे एरवी चाळिशीच्या वर असतं. पोटॅशियम खूप वर, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज खूप खाली: ही तिकडी एकत्र दिसली की मी आजाराचा विचार बाजूला ठेवते आणि जांभळ्या टोपणाच्या ट्यूबची चौकशी करते.

"सिस्टर, लाल ट्यूबला रक्त कमी पडलं होतं का?"

"हो मॅडम, अर्धा एमएल कमी होतं. सीबीसीच्या ट्यूबमध्ये जास्त होतं, त्यातलं घातलं. रक्त तर एकाच हाताचं ना?"

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. हात एकच असला, तरी जांभळ्या ट्यूबमध्ये गेल्यावर ते रक्त तसंच राहत नाही. त्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर पोटॅशियमचं ईडीटीए फवारलेलं असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते पकडून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. पकडताना ते मॅग्नेशियम आणि झिंकही सोडत नाही, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम त्या दोघांवरच चालतं. शिवाय ईडीटीएबरोबर आलेलं पोटॅशियम आहेच: भरलेल्या जांभळ्या ट्यूबमधल्या प्लाझ्मात ते पंधराच्या वर जातं. आजींच्या लाल ट्यूबमध्ये अडीच एमएल त्यांचं साधं रक्त आणि अर्धा एमएल जांभळ्यातलं, म्हणजे सहावा हिस्सा भेसळ होती. तेवढ्याने पोटॅशियम अडीच-पावणेतीनने चढलं. दुसरं रक्त घेतलं, तेव्हा ४.३ आलं. कॅल्शियम ९.२.

अर्धा एमएल ओतलं, की तिकडी स्पष्ट दिसते. थेंबभर भेसळ झाली, तर पोटॅशियम ५.६ आणि कॅल्शियम ८.४ असं काहीतरी येतं, आणि ते कोणालाही खटकत नाही. सिरिंजने आधी जांभळी ट्यूब भरली आणि सुईचं टोक आतल्या औषधाला लागून मग लाल ट्यूबमध्ये गेलं, तर एवढी भेसळ होऊ शकते. ट्यूब भरायचा क्रम ठरलेला असतो तो याचसाठी: आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी. राखाडी ट्यूबमध्येही बऱ्याचदा पोटॅशियम ऑक्झॅलेट असतं, म्हणून ती सगळ्यांच्या मागे. रक्त कमी पडलं तर चिठ्ठीवर "नमुना अपुरा" लिहा. लॅब महत्त्वाच्या तपासण्या आधी करून घेते. निळ्या ट्यूबला मात्र ही सवलत नाही. तिच्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त असं गणित बसवलेलं असतं. खुणेपर्यंत भरली नाही, तर आयएनआर उगाच वाढलेला येतो.

आता हिमोलिसिस. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं सीरम गवती पिवळं दिसायला हवं. ते गुलाबी किंवा लाल दिसलं, तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे पंचवीस पट असतं आणि एलडीएच त्याहून कितीतरी अधिक पट, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडे हलतात. एसजीओटीही चढतं. "पेशंटचं रक्तच तसं आहे" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. शरीराच्या आत रक्तपेशी फुटण्याचे आजार आहेत, नाही असं नाही. पण मग नीट घेतलेला दुसरा नमुनाही तसाच येतो, बिलिरुबिन वाढतं, हिमोग्लोबिन उतरतं, कधी लघवी गडद होते. दुसरा नमुना स्वच्छ आला, तर पहिल्यातल्या पेशी घेताना किंवा नेतानाच फुटलेल्या असतात.

त्या फुटतात कुठे? वीस एमएलची सिरिंज लावून बारीक शिरेतून दट्ट्या जोरात ओढला, तर तिथे. सलाईनच्या कॅन्युलातून रक्त काढलं, तर तिथे. आणि सिरिंजमधलं रक्त सुईतूनच, दट्ट्या दाबून ट्यूबमध्ये सोडलं, तर तिथे हमखास. व्हॅक्यूम ट्यूब असेल तर ती स्वतः ओढेल तेवढंच रक्त जाऊ द्यायचं, दट्ट्याला हात लावायचा नाही. साधी बाटली असेल तर सुई काढून बाजूच्या भिंतीवरून हळू ओघळू द्यायचं. ट्यूब आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करायची असते. कफ सिरपच्या बाटलीसारखी खळखळ हलवायची नसते.

इथे आणखी एक समजूत आहे, आणि ती डॉक्टरांमध्येही सापडते: हिमोलिसिसने पोटॅशियम वाढतंच, मग अंदाजाने थोडं वजा केलं की झालं. किती वजा करणार? तेवढ्याच गुलाबी दिसणाऱ्या दोन नमुन्यांत वाढ सारखी नसते, म्हणून असं दुरुस्त केलेलं पोटॅशियम रिपोर्टवर छापत नाहीत. खरा धोका तर उलट्या बाजूचा आहे. जुलाबाने थकलेल्या एखाद्या बाईचं पोटॅशियम खरं २.८ असतं आणि हिमोलिसिसमुळे ३.७ छापून येतं. आकडा नॉर्मल, त्यामुळे कोणी फोन करत नाही, कोणी पोटॅशियम देत नाही. वाढलेला आकडा निदान संशय तरी जागा करतो.

पेशी न फोडताही पोटॅशियम बिघडवता येतं, आणि त्यासाठी फ्रिज पुरतो. संध्याकाळी घेतलेलं रक्त, गाडी सकाळी येणार, म्हणून सिस्टर ट्यूब तशीच फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीत ठेवलं की टिकतं, ही भाजीची समजूत. तांबड्या पेशीच्या आवरणावर एक पंप असतो. तो पोटॅशियम आत ओढतो आणि सोडियम बाहेर काढतो. थंडीत तो मंदावतो आणि आतलं पोटॅशियम रात्रभर झिरपत राहतं. सकाळी सीरम काचेसारखं स्वच्छ, गुलाबी छटा नाही, आणि पोटॅशियम सहाच्या वर. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, चिठ्ठीवरच्या वेळेवरूनच पकडता येते. म्हणून "सकाळी" एवढंच न लिहिता रक्त घेतल्याची वेळ तास-मिनिटांत लिहा. प्लेन ट्यूब अर्धा तास उभी ठेवून गोठू द्यावी, दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं करावं, आणि मग ते सीरम खुशाल फ्रिजमध्ये ठेवावं. जेलची ट्यूब एकदा फिरवली की पुन्हा फिरवू नये. जेलखाली पेशींजवळ साचलेलं पोटॅशियम वर येतं.

मग वैशाखात चंद्रपूरला ट्यूब टेबलावरच राहिली तर? गरम हवेत पंप जोरात चालतो आणि सुरुवातीचे काही तास पोटॅशियम उलट खाली जातं. पेशींचं इंधन म्हणजे साखर. ती संपत आली की पोटॅशियम पुन्हा बाहेर पडू लागतं. साखर तर साध्या हवेलाही तासाला पाच-सात टक्के घटते. १३२ असलेली उपाशीपोटीची साखर तीन तासांत एकशे दहा-बाराच्या आसपास येऊन बसते, आणि मधुमेहाच्या पट्ट्यात आलेला माणूस नुसता वेशीवरचा ठरून घरी जातो. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराईड हे थांबवतं, पण लगेच नाही. त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास किंवा जास्तही लागतात, तोवर साखर घटतच असते. राखाडी ट्यूब घेतली म्हणजे आता घाई नाही, असं म्हणूनच नाही. ती बर्फात ठेवून लवकर पाठवली तर आकडा खऱ्याजवळ राहतो.

दुधाळ सीरमचा दोष सहसा न विचारता रुग्णाच्या नाश्त्यावर टाकतात. "उपाशी या सांगितलं होतं, वडापाव खाऊन आले." कधी तसं असतंही. पण बेताबाहेर गेलेला मधुमेह किंवा जन्मजात चरबीचा विकार असेल, तर बारा तास उपाशी राहूनही सीरम दुधासारखं येतं, आणि तेव्हा ते दुधाळपण हीच रुग्णाची बातमी असते. पोटात असह्य दुखतं म्हणून आलेल्या एका चौतीस वर्षांच्या माणसाचं सीरम असंच होतं. ट्रायग्लिसराइड सहा हजार, सोडियम १२९. मोठी यंत्रं सीरम आधी पातळ करतात आणि त्यात नेहमीइतकं, म्हणजे सुमारे ९३ टक्के, पाणी आहे असं गृहीत धरतात. सोडियम फक्त पाण्यात असतं. चरबीने पाण्याची जागा घेतली, की यंत्राला सोडियम कमी वाटतं. तोच नमुना पातळ न करता मोजणाऱ्या रक्तवायूच्या यंत्रावर लावला, तर १३८ आलं. जाड सलाईन देण्याचा विचार चालला होता, तो थांबला. मात्र चारशे-पाचशे ट्रायग्लिसराइडवर कमी सोडियमचं खापर फोडू नका: दर हजारामागे सोडियम जेमतेम दीडने खाली दिसतं.

त्याच माणसाच्या सीबीसीत हिमोग्लोबिन १७.१ आणि पीसीव्ही ४२ होतं. भागाकार केला तर एमसीएचसी चाळिसाच्या वर जातं, आणि एवढं हिमोग्लोबिन तांबड्या पेशीत मावतच नाही. यंत्र हिमोग्लोबिन मोजताना आरपार जाणारा उजेड पाहतं, आणि त्या उजेडाच्या वाटेत चरबी आली होती. अमायलेज नॉर्मल छापलं होतं. दुधाळ सीरममध्ये तेही खोटं नॉर्मल येऊ शकतं, म्हणून स्वादुपिंडाची सूज नाही असं त्यावरून म्हणायचं नाही, एवढं मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी सीटी स्कॅनला पाठवलं.